रिकामी जागा नेमकी कुठे सोडायची? खंड, महासागर आणि भूरूपांच्या वर्कशीटबद्दल

प्रश्न: मी यावल तालुक्यात तिसरीला शिकवते. खंड, महासागर आणि भूरूपं यांवर रिकाम्या जागा भरा अशी २० वाक्यांची वर्कशीट केली, वर शब्दांची पेटी दिली. उदाहरणार्थ ‘जगात एकूण ___ खंड आहेत’, ‘___ हा सर्वांत मोठा महासागर आहे’, ‘हिमालय हा ___ आहे’, ‘___त सहारा वाळवंट आहे’. मुलं १७-१८ बरोबर भरतात, पण नकाशासमोर उभं केलं की आफ्रिकासुद्धा दाखवता येत नाही. काय चुकतंय? आणि शुद्धलेखनाचे गुण कापायचे का?

उत्तर:

ताई, ती १७-१८ उत्तरं मुलांनी मराठीच्या जोरावर काढली आहेत. भूगोलाचा त्यात फारसा हात नाही. मी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये बावीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवते आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझ्या वर्कशीट अगदी अशाच असायच्या, म्हणून हे खात्रीनं सांगते.

तुमचं ‘हिमालय हा ___ आहे’ हे वाक्य घ्या. समजा पेटीत पर्वत, नदी, वाळवंट, बेट आणि दरी असे शब्द आहेत. वाक्यात ‘हा’ आला की पर्वतच उरतो. ‘नदी’ आणि ‘दरी’ला ‘ही’ लागतं, ‘वाळवंट’ आणि ‘बेट’ला ‘हे’. ज्या पोरानं हिमालयाचं नावही ऐकलेलं नाही, तेही हे बरोबर भरेल. आपल्या भाषेत लिंग आणि विभक्ती आपोआप उत्तर फोडतात आणि वाक्य लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. एका गटात एकाच लिंगाचे शब्द घ्यायचे. आपलं नशीब असं की भूरूपांची बरीच नावं नपुंसकलिंगी आहेत: पठार, मैदान, वाळवंट, बेट, द्वीपकल्प. हे पाच शब्द एका पेटीत टाकले की प्रत्येक वाक्यात ‘हे’ येतं आणि मुलाला अर्थाकडे बघावंच लागतं. पर्वत, समुद्र, महासागर आणि उपसागर यांचा वेगळा गट करा. नदी, दरी, खिंड आणि टेकडी यांचा तिसरा. जागा तीन असतील तर शब्द पाच द्या. जागा आणि शब्द सारखेच ठेवले तर शेवटची दोन उत्तरं उरलंसुरलं म्हणून भरली जातात.

‘खंड’ या शब्दाबद्दलही एक सांगते. काही जण ‘सर्वांत मोठा खंड’ लिहितात, काही जण ‘सर्वांत मोठे खंड’. दोन्ही चालतं, पण एका कागदावर एकच रूप ठेवा, नाहीतर चौकस पोरं त्यातच अडकून बसतात.

दुसरी गळती विभक्तीच्या प्रत्ययात आहे. ‘___त सहारा वाळवंट आहे’ याचं उत्तर आहे ‘आफ्रिके’, आणि पेटीत लिहिलंय ‘आफ्रिका’. मूल ‘आफ्रिकात’ लिहितं. ज्यांच्या घरी अहिराणी आहे ती ‘घरमा’, ‘गावमा’ बोलणारी मुलं ‘आफ्रिकामा’सुद्धा लिहितात, आणि त्यांच्या बोलीत ते बरोबरच आहे. मुलाला खंड माहीत असतं, पण आपण सामान्यरूपाची परीक्षा घेऊन बसतो. म्हणून रिकाम्या जागेला प्रत्यय चिकटवायचा नाही. ‘सहारा वाळवंट ज्या खंडात आहे, त्या खंडाचे नाव: ___’ असं लिहा. वाक्य थोडं लांबतं, पण उत्तर मूळ रूपात लिहिता येतं.

आता मुख्य गोष्ट. आफ्रिका दाखवता येत नाही, कारण तुमच्या कागदावर आफ्रिका कुठेच नाही. तिथे फक्त तिचं नाव आहे. खंड आणि महासागर ही जागांची नावं आहेत. जागा न बघता उत्तर निघत असेल तर ती रिकामी जागा चुकीच्या ठिकाणी सोडली आहे. ओळखायला सोपं आहे: कागदावर नकाशा छापा आणि तो हातानं झाका. तरीही जागा भरता आली तर ते वाक्य बदला. वर्गात देण्याआधी मी प्रत्येक वाक्याची ही परीक्षा घेते आणि पहिल्या मसुद्यातली निम्मी वाक्यं त्यात गळतात.

तुमच्या शाळेत पृथ्वीगोल आहे का, वर्गात एकच इयत्ता बसते की दोन, मुलांच्या घरची भाषा अहिराणी, लेवा गणबोली, पावरी की तडवी, यावर खालच्या आराखड्यात फरक पडेल. दुसरीच्या मुलांना मी महासागरांची पाचही नावं लिहायला देत नाही, फक्त पाणी आणि जमीन रंगवायला देते. तिसरीच्या दुसऱ्या सत्रात जमेल असं मी पुढे लिहिते आहे.

अर्ध्या पानावर जगाचा बाह्यरेखा नकाशा घ्या. खंडांवर १ ते ७ आकडे घाला आणि महासागरांवर क, ख, ग, घ, च. नावं लिहू नका. झेरॉक्स काळी-पांढरी येणार असेल तर मूळ नकाशा रंगीत नको. निळं पाणी आणि हिरवी जमीन झेरॉक्समध्ये सारख्याच करड्या होतात आणि मुलांना समुद्र कुठला, जमीन कुठली तेच कळत नाही. मी पाण्यावर बारीक आडव्या तुटक रेघा मारून घेते आणि जमीन कोरी ठेवते. मग मुलं जमीन रंगवतात. सात खंडांना सात रंग दिले की युरोप आणि आशियाचा प्रश्नही तिथेच निघतो, कारण या दोघांच्या मध्ये पाणी नाही. मुलं विचारतातच, ‘ही तर एकच जमीन आहे.’ त्यांना खरं सांगायचं: जमीन सलग आहे, उरल पर्वताच्या आसपास माणसांनी सीमा मानली आहे. म्हणून ती रेघ नकाशात ठळक काढून द्या.

खालची वाक्यं अशी करा:

‘भारत ज्या खंडात आहे त्याला हिरवा रंग दे. नाव: ___’
‘दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्या मध्ये असलेला महासागर: ___’
‘आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मध्ये असलेला महासागर: ___’
‘ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या मध्ये असलेला हा महासागर नकाशाच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही कडांवर दिसतो, पण तो एकच आहे: ___’

नकाशा झाकला तर तिसरीचं मूल यातलं पहिलं वाक्य कदाचित पाठांतरावर भरेल. बाकीच्या तिन्हींना बोट नकाशावर न्यावंच लागतं. शिवाय प्रत्येकाचं उत्तर एकच आहे. ‘भारताच्या दक्षिणेला ___ आहे’ असं लिहिलं असतं तर श्रीलंका आणि हिंदी महासागर दोन्ही बरोबर आले असते, आणि श्रीलंका लिहिणाऱ्या पोराची मान खाली गेली असती.

शेवटच्या वाक्यावर थोडं थांबते, कारण बहुतेक मुलं तिथेच अडतात. आपल्याकडच्या भिंतीवरच्या नकाशांत आफ्रिका-युरोप साधारण मधे असतात आणि नकाशा पॅसिफिकमध्ये कापलेला असतो. त्यामुळे पॅसिफिकचा एक तुकडा डावीकडे जातो, एक उजवीकडे. मुलं ते दोन महासागर समजतात. मागे एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘मॅडम, आठे बी पानी शे, तठे बी पानी शे, मंग नाव एकच कसकाय?’ तिचं निरीक्षण अचूक होतं. त्या दिवशी मी तिच्याच नकाशाच्या कडा एकमेकींना जुळवून नळकांडं केलं आणि चिकटपट्टी लावली. दोन्ही तुकडे एकत्र आले आणि ती स्वतःच म्हणाली की हा तर सगळ्यांत मोठा आहे. तेव्हापासून त्या वाक्याआधी मी ‘नकाशाच्या दोन्ही कडा जुळवून पाहा’ अशी सूचना छापते. तुमचं ‘___ हा सर्वांत मोठा महासागर आहे’ हे वाक्य मग ठेवायचं असेल तर ठेवा, कारण आता मूल ते बघून सांगतं. जगातली सगळी जमीन गोळा करून पॅसिफिकमध्ये ठेवली तरी जागा उरेल, हेही त्याच वेळी सांगा. मुलं ते विसरत नाहीत.

खंडांच्या आकाराचे प्रश्न मात्र सपाट नकाशावरून अजिबात विचारू नका. बऱ्याच भिंतीवरच्या नकाशांत ध्रुवांजवळची जमीन ताणलेली दिसते. अशा काही नकाशांत ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिकेत सुमारे १४ ग्रीनलँड बसतात. अंटार्क्टिका तर तळाशी लांबच लांब पट्टी होऊन पसरते, आणि ‘सर्वांत मोठे खंड कोणते’ विचारलं की मुलं तीच दाखवतात. ती पोरं चुकत नाहीत, त्यांना दिलेलं चित्र त्यांना फसवतं. पृथ्वीगोल असेल तरच मोठ्या-लहानाचा प्रश्न घाला.

‘जगात एकूण ___ महासागर आहेत’ हेही सांभाळून. जुन्या नकाशांत आणि पृथ्वीगोलांवर चारच नावं असतात, कारण अंटार्क्टिकाभोवतीचं पाणी तेव्हा वेगळं धरत नसत. आता पाचवा दक्षिण महासागर बहुतेक ठिकाणी शिकवतात. नॅशनल जिओग्राफिकनंही २०२१ च्या जूनमध्ये तो आपल्या नकाशांवर अधिकृतपणे घेतला. वर्कशीटवर पाच आणि भिंतीवर चार असं असेल तर मूल भिंतीवर विश्वास ठेवतं आणि चुकतं. आधी आपल्या वर्गातला नकाशा बघा, पाचवं नाव नसेल तर मार्करनं लिहून टाका, मग प्रश्न विचारा.

नावांच्या बाबतीत सगळ्यांत मोठा गोंधळ तीन शब्दांचा होतो: अटलांटिक, आर्क्टिक, अंटार्क्टिका. तिसरीच्या मुलाच्या कानाला हे तिन्ही सारखेच. वर ‘र्क्टि’ हे जोडाक्षर आणि त्यावरचा रफार, म्हणजे लिहिणं आणखी अवघड. तिन्ही एकाच पेटीत टाकले की मुलं अंदाजानं भरतात आणि त्या अंदाजाचीच त्यांना सवय लागते. मी पहिल्या आठवड्यात फक्त अटलांटिक घेते. बाकीची जोडी चित्रातून येते: आर्क्टिक म्हणजे वर, उत्तरेला, मधे बर्फाळ पाणी आणि भोवती जमीन. अंटार्क्टिका म्हणजे खाली, दक्षिणेला, मधे बर्फाळ जमीन आणि भोवती पाणी. एक महासागर आहे, एक खंड. अंटार्क्टिका या नावाचा अर्थच ‘आर्क्टिकच्या समोरच्या बाजूचं’ असा आहे, एवढं सांगितलं की दोन्ही नावं एकमेकांना बांधली जातात. पांढरं अस्वल उत्तरेकडे, पेंग्विन दक्षिणेकडे, ही चित्रं कागदावर छापली तर आणखी बरं. रिकाम्या जागेत पहिलं अक्षर छापून द्या, ‘अं___’ आणि ‘आ___’. सुरुवात मिळाली की शोध योग्य दिशेला जातो, आणि तरीही नकाशा बघावाच लागतो.

आता भूरूपं. इथे अडचण उलटी आहे. खंडांची नावं मुलांना अनोळखी असतात, भूरूपांची नावं ओळखीची वाटतात पण अर्थ दुसराच असतो. ‘मैदान’ म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे शाळेचं क्रिकेटचं मैदान येतं. ‘बेट’ म्हणजे बांबूचं बेट. ‘खंड’ म्हणजे दुसऱ्याचं शेत वर्षाच्या बोलीवर घेतो तो खंड, आणि जळगाव रस्त्यावरच्या पाट्यांमुळे ‘भूखंड’ म्हणजे प्लॉट. मी वर्कशीट देण्याआधी दहा मिनिटं फक्त हे विचारते: हा शब्द घरी कधी ऐकला? कुणी बोललं तर काय असतं ते? उत्तरं फळ्यावर लिहिते आणि शेजारी भूगोलातला अर्थ लिहिते. हे नाही केलं तर ‘गंगेचं मैदान’ हे त्यांना खूप मोठं खेळायचं मैदान वाटतं, आणि रिकामी जागा बरोबर भरलेली असल्यामुळे आपल्याला ते कळतही नाही.

यावलच्या मुलांजवळ फार चांगली सामग्री आहे. शाळेबाहेर येऊन उत्तरेकडे तोंड केलं की सातपुडा दिसतो. दक्षिणेकडे गेलं की केळीच्या बागांची सपाट जमीन तापीपर्यंत जाते. भूरूपांची वाक्यं त्यावरूनच सुरू करा. माझी तीन वाक्यं अशी असतात:

‘सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतची सपाट जमीन, म्हणजे ___’
‘तोरणमाळ उंचावर आहे, पण वर बरीच जमीन सपाट आहे, म्हणून ते ___’
‘श्रीलंकेच्या चारही बाजूंना पाणी आहे, म्हणून ते ___’

पेटीत पठार, मैदान, बेट, वाळवंट, द्वीपकल्प. सगळे नपुंसकलिंगी, म्हणजे ‘ते’ आणि ‘हे’ काहीच फोडत नाहीत. पहिल्या दोन वाक्यांत दोन्हीकडे सपाट जमीन आहे, फरक फक्त उंचीचा. मैदान आणि पठार यांतला फरक म्हणजे नेमका हाच, आणि तो पाठ केलेल्या व्याख्येतून कधीच पोचत नाही. पुष्कळ मुलं दोन्हीकडे मैदान लिहितील. तसं झालं तर टेबल आणि जमिनीवर अंथरलेली चटई दाखवा: दोन्ही सपाट, एक उंच. नंदुरबारकडच्या, धडगाव भागातल्या मुलांना मात्र मी उलटं विचारत असे. ती डोंगरातच राहतात, दरी आणि पठार त्यांना पायांनी माहीत असतं, त्यांना मैदान शोधून दाखवावं लागतं. वाक्याची सुरुवात मूल जिथे उभं आहे तिथूनच व्हायला हवी. दुसऱ्या जिल्ह्याची वर्कशीट जशीच्या तशी चालत नाही ती यामुळेच.

समुद्र आणि महासागर यांतला फरकही इथूनच सांगता येतो. आपल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पण तापी सगळ्यांना माहीत असते, आणि ती पश्चिमेकडे वाहत सुरतजवळ समुद्राला मिळते. म्हणून मी एक साखळी देते: ‘गावातला नाला → तापी → ___ समुद्र → ___ महासागर’. शेजारी पश्चिम भारताचा छोटा नकाशा. अरबी समुद्र हा हिंदी महासागराचाच भाग आहे, हे कुठलीही व्याख्या न सांगता मुलाच्या बोटाखाली येतं. तुमच्या नाल्याचं नाव लिहा. यावल भागातले नाले सातपुड्यातून उतरून तापीकडेच जातात, तेव्हा खोटं काही लिहावं लागणार नाही.

हे सगळं मोजलं तर सात वाक्यं आणि एक साखळी, म्हणजे नऊ जागा झाल्या. एका बैठकीला एवढ्याच पुरे. वीस जागांत शेवटच्या सात-आठ मुलं शेजाऱ्याच्या वहीत बघून भरतात. तुमच्या यादीतलं ‘जगात एकूण ___ खंड आहेत’ हे वाक्य मी शेवटी ठेवीन, सातही खंड रंगवून झाल्यावर. मग मूल रंग मोजून सात लिहील. तेच वाक्य पहिलं आलं तर ते नुसतं पाठांतर राहतं.

तपासताना बरोबर-चूक एवढंच न बघता चूक कशी झाली ते बघा. मुलानं आफ्रिकेच्या जागी दक्षिण अमेरिका लिहिली असेल तर ते खालच्या बाजूला निमुळता होणारा आकार बघत होतं. दोन्ही खंडांचा आकार खरंच तसा आहे. त्याला आफ्रिकेचा पश्चिमेकडचा फुगवटा बोटानं गिरवायला द्या. महासागराच्या जागी खंडाचं नाव आलं तर त्याला अजून नकाशातलं पाणी आणि जमीन वेगळी दिसत नाही, त्याला पुन्हा रंगवण्यावर आणा. या दोन चुकांसाठी तुम्ही करायचं काम पूर्ण वेगळं आहे. दोन्हींना नुसती फुली मारली तर ते दिसत नाही.

आठवड्यानं तोच नकाशा, पेटी न देता, आकडे बदलून द्या. आकडे बदलणं महत्त्वाचं, कारण काही मुलं ‘३ म्हणजे आफ्रिका’ असं पाठ करतात. नावं लिहिता येत नसतील तर कागदाच्या पट्ट्यांवर नावं छापून चिकटवायला द्या.

शुद्धलेखनाचे गुण कापू नका. ‘अंटारटीका’ असं लिहून नेमक्या तळाच्या खंडाला बाण लावणाऱ्या मुलाला पूर्ण गुण, आणि ‘अंटार्क्टिका’ सुबक अक्षरात लिहून बाण ऑस्ट्रेलियाला लावणाऱ्याला शून्य. बरोबर रूप त्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवा, ते पुढच्या वेळी तिथून बघून लिहितं. जोडाक्षरांचा सराव मराठीच्या तासाला वेगळा घ्या, तिथे त्याचे गुण खुशाल ठेवा.